तुमच्यामागे मी हं!

महिन्याची पहिली तारीख. तालुक्याच्या गावातली बँकेची कुठलीही शाखा घ्या. शटर दहाला वर जातं, पण पायरीवर साडेनऊपासूनच माणसं असतात. निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, नवऱ्यामागे फॅमिली पेन्शन घेणाऱ्या दोघी-तिघी. कुणाच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेलं पासबुक. याला रांग म्हणावी तर तशी ती दिसत नाही. अर्धे जण पायरीवर बसलेत, एक जण समोरच्या टपरीवर चहा घेतोय आणि एकाने सावलीतल्या मोटारसायकलला टेकून पेपर उघडलाय. तेवढ्यात नवा माणूस येतो आणि कुणा एकाकडे न बघता सगळ्यांनाच विचारतो, "शेवटचं कोण?"

टपरीवरून हात वर होतो. "मी आहे. या माझ्यामागे."

"बरं. तुमच्यामागे मी हं."

झाली रांग. कुणी एकामागे एक उभं राहिलं नाही, दोरी बांधली नाही, नंबराची चिठ्ठी वाटली नाही. पण दहाला शटर वर गेलं की ही माणसं बरोबर आल्या क्रमाने आत शिरतात. निदान ज्यांनी विचारलं आणि सांगितलं, ती तरी शिरतात. न विचारता गपचूप कोपऱ्यात येऊन उभा राहिलेला माणूस आत गेल्यावर "मी यांच्याआधी आलो होतो" म्हणून कितीही सांगू दे, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

रांगेत माणसं एकमेकांशी जे दोन शब्द बोलतात, ते शिष्टाचार म्हणून बोलतात असं समजायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांवर बरंच काम चाललेलं असतं.

मराठी माणूस रांगेतल्या अनोळखी माणसाला सहसा नमस्कार करत नाही. गावात ओळखीचा भेटला तर राम राम होतो, जय भीम होतो, जय महाराष्ट्र होतो, सलाम होतो. पण शहरातल्या बँकेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाने हात जोडून "नमस्कार" म्हटलं, तर पुढच्याला वाटतं, हा बहुतेक विमा एजंट. त्याऐवजी आपल्याकडे सुरुवात प्रश्नाने होते. "हीच का पैसे काढायची लाइन?" "लिंक आहे ना आज?" "पासबुक छापायचं मशिन चालू झालं का?" विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर माहीत असतं. डोक्यावर 'रोख' अशी पाटी असते, तिच्याखालीच तो उभा असतो. तरी विचारतो, आणि पुढचाही "पाटी दिसत नाही का" असं न म्हणता सरळ सांगतो, "हीच, हीच. पण आज हळू चाललीय." एवढ्यात दोघांनी एकमेकांचे चेहरे पाहिलेले असतात आणि कोण कुणाच्या पुढे, हे दोघांच्याही लक्षात राहतं.

हे प्रश्न काळानुसार बदलतात. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात यायला लागले, तेव्हा बँकांमध्ये बायकांची एवढी गर्दी उसळली की कित्येक शाखांच्या रांगा रस्त्यावर आल्या. कुणाचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, कुणाचं केवायसी राहिलं होतं, कुणाला नुसतं पैसे आले का तेवढंच बघायचं होतं. त्या रांगांमधलं अभिवादन एकच होतं : "ताई, तुमचे जमा झाले का?" त्या एका वाक्यात विचारपूस होती आणि चौकशीही. "झाले" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न "कुठलं खातं दिलं होतं तुम्ही?" आणि खिडकीपर्यंत पोचायच्या आत निम्म्या बायकांना कळलेलं असायचं की आपलं काम या खिडकीवर नाही, आधारच्या टेबलावर आहे.

बिनरांगेची रांग लावायची ही कला फक्त आपल्याकडेच आहे असं मात्र नाही. क्युबात ती आपल्याहून पक्की झालेली आहे. रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत तिथे रांगेशिवाय पान हलत नाही, आणि माणसं उन्हात ओळीने उभी राहत नाहीत. सावली मिळेल तिथे पसरतात. नवा आलेला मोठ्याने "शेवटचं कोण?" असं विचारतो, कुणीतरी हात वर करतो. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण मुरलेला क्यूबन माणूस आणखी एक गोष्ट विचारतो : "आणि तुम्ही कुणाच्या मागे आहात?" कारण उघड आहे. आपल्या पुढचा माणूस कंटाळून घरी गेला, तर आपली जागा कुणाच्या मागे हे सांगणारा उरत नाही. पुढचे दोघे माहीत असले की एक गेला तरी साखळी तुटत नाही. पेन्शनच्या दिवशी हा दुसरा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हरकत नाही.

पुढच्याला विचारणं आपल्याला जमतं. मागच्याशी बोलायला मात्र आपण विसरतो, आणि खरी गरज तिथे असते. याचा पुरावा न्यूयॉर्कच्या रेल्वे तिकीट खिडक्यांवर मिळाला.

स्टॅन्ली मिलग्राम हे अमेरिकेतले गाजलेले समाजमानसशास्त्रज्ञ. विजेच्या धक्क्यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगामुळे त्यांचं नाव सर्वांना माहीत आहे, पण त्यांनी रांगेत घुसण्यावरही एक प्रयोग केला. त्याचा निबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मिलग्राम हयात नव्हते. प्रयोग साधा होता. रेल्वेची तिकीट खिडकी, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची दुकानं अशा ठिकाणच्या १२९ रांगांमध्ये त्यांची माणसं मुद्दाम मध्ये घुसली. घुसणारा शांतपणे "माफ करा, मला इथे यायचंय" एवढंच म्हणायचा आणि उभा राहायचा. कुणी तक्रार केलीच, तर निघून जायचा.

एकटा माणूस घुसला तेव्हा साधारण निम्म्या रांगांमध्ये कुणीतरी हरकत घेतली. दोघे मिळून घुसले तेव्हा दहापैकी नऊ रांगांमध्ये घेतली. इथपर्यंत नवल नाही. पण मिलग्रामनी आणखी एक डाव टाकला. घुसणारा ज्याच्या पुढे येऊन उभा राहणार, तो माणूसच त्यांनी आपल्यातला ठेवला. तो रांगेत नेहमीसारखा उभा, घुसखोराकडे बघून गप्प. असा एक गप्प माणूस असला की हरकती कमी झाल्या, आणि एकामागे एक असे दोन गप्प असले की एकट्या घुसखोराला जवळपास कुणीच काही बोललं नाही. बाकीच्या रांगेचा वेळ तेवढाच वाया जात होता. तरी मागच्यांनी मनात हिशेब केला असावा की ज्याच्या पुढ्यात तो घुसलाय त्यालाच चालतंय, तर आपण कशाला बोला?

यावरून रांगेची राखण कुणाकडे असते ते कळतं. काउंटरवरच्या बाईंना मान वर करायला फुरसत नसते. वॉचमन दाराशी असतो. रांगेत तुमच्या जागेचा साक्षीदार एकच, तो म्हणजे तुमच्या लगेच मागे उभा असलेला माणूस. तुम्ही पावतीपुस्तक घ्यायला पलीकडच्या टेबलावर गेलात आणि परत आलात, तर तुम्हाला घुसखोर ठरवणाराही तोच आणि "ते इथेच होते" म्हणणाराही तोच.

त्यामुळे रांग सोडायची तर मागच्याला सांगून सोडायची, आणि सांगताना किती वेळ लागेल व कशासाठी चाललोय हेही सांगायचं. "काका, स्लिप भरायची राहिलीय, दोन मिनिटांत येतो, इथेच आहे मी" या वाक्याला "हो, या" हे उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. नुसतं "जागा बघा हं" म्हणून गेलेल्या माणसाची जागा दहा मिनिटं टिकते. पंधराव्या मिनिटाला मागचा माणूस अस्वस्थ होतो, कारण आता त्याच्याही मागचे त्याच्याकडे बघायला लागलेले असतात. दुसऱ्याची जागा राखणं म्हणजे त्याच्या वाटची नाराजी आपल्या अंगावर घेणं, आणि दोन शब्द बोललेल्या माणसासाठीच कुणी ती घेतो. नोटाबंदीनंतर, म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या आठवड्यांत, कित्येक गावांत रांगेत माणसांऐवजी चपला, दगड आणि पासबुकं ठेवलेली दिसली. लोकांना त्याचं हसू आलं. पण प्रत्येक चपलेच्या मागे शेजारच्याला "ही माझी हं" म्हणून सांगून ठेवलेलं होतं. बिनसांगितलेली चप्पल लाथेने बाजूला सरकायला वेळ लागत नव्हता.

याच्या उलट बाजूही आहे. रांग मोडण्याचं सर्वांत जुनं आणि सभ्य हत्यार अभिवादन हेच आहे. रांगेच्या मध्यावर ओळखीचा चेहरा दिसतो. "अरे देशमुख! किती दिवसांनी! मुलगी काय म्हणते?" गप्पा सुरू होतात, देशमुखांनाही बरं वाटतं, रांग दोन पावलं सरकते, गप्पा करणारा दोन पावलं सरकतो, आणि पाच मिनिटांत तो देशमुखांच्या पुढे किंवा मागे रीतसर उभा असतो. मिलग्रामच्या प्रयोगातला गप्प माणूस इथे आयता मिळतो : खुद्द देशमुख. मागचे सगळे ओळखून असतात की हे काय चाललंय, पण दोन स्नेह्यांच्या भेटीत तोंड घालणं आपल्याला असभ्य वाटतं.

अशा वेळी मराठी माणूस काय करतो? तो घुसखोराशी बोलत नाही. तो काउंटरकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "मॅडम, लाइन आहे ना?" मॅडम खाली मान घालून नोटा मोजत असतात, त्यांना त्यातलं काही कळत नाही. घुसलेल्याला कळतं, पण त्याला ते ऐकू न आल्यासारखं करता येतं. त्यापेक्षा थेट, शांत आणि आदराने बोललेलं बरं : "साहेब, लाइन मागून आहे. मी यांच्यामागे आहे." हे वाक्य लवकर म्हटलं पाहिजे. पहिल्या अर्ध्या मिनिटात घुसणाराही "हो का, माझं लक्ष नव्हतं" म्हणून मागे जातो. त्याला तोंड लपवायला जागा असते. पाच मिनिटांनी म्हटलं की भांडण होतं, कारण तोवर त्यालाही आपण रांगेतलेच वाटायला लागलेलं असतं.

आता खिडकीच्या पलीकडे बघू.

पैसे काढायला आलेल्या माणसाची स्लिप कॅशियरच्या हातात पडते, तेव्हा ती आधी खाते क्रमांक स्क्रीनवर टाकते, सही उघडून स्लिपवरच्या सहीशी ताडून बघते, रक्कम आकड्यात आणि अक्षरात सारखी आहे ना ते पाहते, मग व्यवहार नोंदवते. त्यानंतर ड्रॉवरमधून नोटा काढते, मशिनमधून सोडते, बऱ्याचदा हातानेही मोजते, स्लिपच्या मागे पाचशेच्या किती, शंभराच्या किती ते लिहिते, शिक्का मारते आणि मग पैसे पुढे सरकवते. या सगळ्यात एक तुकडा असा आहे की तिथे तिला कुणाचाही शब्द नको असतो : नोटा हाताने मोजताना. ओठ हलत असतात, आकडा सदुसष्टवर असतो आणि नेमका तेव्हाच काचेतून आवाज येतो, "नमस्कार मॅडम, जरा एक विचारायचं होतं." सदुसष्ट गेले. पुन्हा एकपासून. चिडचिड होते ती एवढ्या-तेवढ्या वेळाची नसते. संध्याकाळी कॅश जुळली नाही आणि पैसे कमी पडले, तर ते कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. त्यामुळे मोजणीच्या मध्ये आलेला गोड शब्दही तिला धोक्याचाच वाटतो.

नमस्काराला योग्य क्षण एकच असतो आणि तो ओळखता येतो. आधीच्या ग्राहकाचे पैसे काचेखालून गेले, त्याची स्लिप बाजूच्या गठ्ठ्यावर पडली आणि कॅशियरने मान वर केली, की तो क्षण. त्याच्या आधी अर्धवट पुढे झुकून, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून "मॅडम" म्हणू नये. त्या क्षणी "नमस्कार मॅडम" आणि लगेच त्याच दमात काम : "पेन्शनमधले दहा हजार काढायचेत, शंभराच्या थोड्या मिळतील का?" या वाक्यात अभिवादन आहे, काम आहे आणि विनंतीही आहे. शंभराच्या नोटा हव्यात हे नोटा मोजून झाल्यावर सांगणारा माणूस कितीही हसून बोलला तरी त्याचा नमस्कार वाया जातो. तसंच मोठी रोख रक्कम भरायची असेल तर पॅन नंबर लागू शकतो. तो स्लिपवर आधीच लिहिलेला असला, तर कॅशियरच्या दृष्टीने तोच नमस्कार.

हाक काय मारायची, हा प्रश्न बारीक आहे, पण त्यावर खिडकीवरची हवा ठरते. बाईंना "मॅडम", पुरुषाला "साहेब" किंवा "सर" हे कुठेही चालतं. तालुक्याच्या गावात "ताई" चालतं, पुण्या-मुंबईत काही जणींना ते आवडतं आणि काहींना नाही. शिपाई बहुतेक ठिकाणी "मामा" असतात, बाई असतील तर "मावशी", आणि वॉचमन "काका". काउंटरच्या आतून येणारी हाक जास्त जपून मारावी लागते. अठ्ठावन्न वर्षांच्या, नुकत्याच रिटायर झालेल्या मुख्याध्यापिकेला पंचविशीतल्या क्लार्कने "आजी, इथे सही करा" म्हटलं की सही होते, पण पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या खिडकीवर दिसतात. "काकू" म्हणायला काही जास्त लागत नाही. पासबुकावर नाव छापलेलं असतंच, "कुलकर्णी मॅडम, इथे सही करता का?" म्हणणारे क्लार्क अजून आहेत, आणि पेन्शनर त्यांच्या बदलीची बातमी घरी जाऊन सांगतात.

या दोन शब्दांनी खरंच काही फरक पडतो का, याची तपासणी तुर्कस्तानात झाली. विद्यापीठाच्या बसने जाणाऱ्या प्रवाशांपैकी काहींना सांगितलं, की ड्रायव्हरला नमस्कार करा, आभार माना, दिवस चांगला जावो म्हणा. काहींना सांगितलं, की काही बोलू नका. बोललेल्यांनी त्या वेळी आपल्याला अधिक प्रसन्न वाटल्याचं सांगितलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जे मोजलं गेलं ते प्रवाशांचं वाटणं. तेव्हा त्यावरून "नमस्कार केला की काम लवकर होतं" असा अर्थ काढता येणार नाही. काम सर्व्हरच्या वेगानेच होतं.

आणि काही खिडक्यांवर न बोलणं हेच सौजन्य असतं. रेल्वेच्या आरक्षण केंद्रावर तत्काळचं तिकीट काढायची वेळ बघा. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीची तत्काळ तिकिटं दहाला आणि बिगर-एसीची अकराला खुली होतात. घड्याळात अकरा वाजले की पुढच्या मिनिट-दोन मिनिटांत उन्हाळी सुट्टीतली कोकणातली गाडी संपते. अशा वेळी पहिल्या नंबरच्या माणसाने "नमस्कार साहेब, कसे आहात?" म्हटलं, तर मागचे वीस जण त्याला माफ करणार नाहीत, आणि साहेबही नाही. तिथला क्लार्क बघतो तो फॉर्म. गाडीचा नंबर, तारीख, वर्ग, नावं, वयं सुवाच्य अक्षरात, एका फॉर्मवर चारच्या वर प्रवासी नाहीत, पैसे हातात. फॉर्म काचेखालून सरकवताना मान किंचित हलली की पुरे. आभार तिकीट हातात आल्यावर, बाजूला सरकता सरकता.

त्या खिडकीचं सगळं बोलणं आधी, पहाटे, बंद दाराच्या बाहेर झालेलं असतं. तत्काळसाठी पहाटेपासून येणारी माणसं वहीच्या पानावर स्वतःच यादी करतात. पहिला आलेला माणूस पेन काढतो आणि नंतर येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे जाऊन नाव लिहून घेतो. या यादीला रेल्वेची मान्यता नसते. तरी ती पाळली जाते, कारण दार उघडायच्या आधी नावं मोठ्याने वाचली जातात आणि प्रत्येकाला कोण कुठे ते कळतं. यादीवाल्याशी न बोलता आठ वाजता येऊन दाराला चिकटून उभा राहिलेला माणूस दार उघडल्यावर पहिला आत शिरतो खरा, पण वीस जणांनी एकमेकांना ओळखलेलं असतं आणि त्याला कुणीच नाही. त्याला बहुधा मागे जावं लागतं. मुंबईच्या लोकलच्या खिडकीवर तर तेवढाही पसारा नाही. "दादर रिटर्न" आणि सुट्टे पैसे, एवढाच व्यवहार. तिथे अभिवादन म्हणजे सुट्टे पैसे.

आता धोक्याचं. रांगेतल्या आपुलकीवर जगणारे चोर आहेत आणि त्यांना हे सगळे शब्द आपल्याहून चांगले येतात. त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. म्हातारा माणूस पैसे घेऊन खिडकीपासून बाजूला होतो, तेव्हा नीटनेटके कपडे घातलेला एक तरुण जवळ येतो. "काका, ही नोट फाटकी दिलीय वाटतं, बघू." किंवा "काका, द्या, मी मोजून देतो, मॅडमनी कमी दिले नाहीत ना?" काकांच्या समोर तो बंडल मोजतो, सफाईने काही नोटा खाली सरकवतो, रबर लावून "बरोबर आहेत" म्हणून परत देतो. दुसरा प्रकार बाहेरचा : पायाशी दहा-वीसच्या दोन-चार नोटा टाकायच्या आणि म्हणायचं, "काका, तुमचे पैसे पडले." काका वाकतात, तेवढ्यात पिशवी जाते.

भला शेजारी आणि चोर यांच्यात फरक ओळखायची एक साधी खूण आहे. रांगेतला खरा शेजारी रांगेबद्दल विचारतो : लाइन कुठली, लिंक आहे का, किती वेळ लागतोय, शेवटचं कोण. चोर तुमच्या पैशांबद्दल विचारतो : किती काढले, कशाला लागले, घरी कोण आहे, एकटेच आलात का. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर द्यावं. दुसऱ्याला "मुलगा येतोय बाहेर" एवढं म्हणावं आणि पुन्हा काउंटरपाशी यावं. स्लिप भरून द्यायला मदत मागायची झाली तर ती रांगेतल्या माणसाकडे मागू नये, बँकेच्या माणसाकडे मागावी. नोटा मात्र कुणालाच मोजायला देऊ नयेत. खिडकीवरून हलण्याआधी, कॅशियरच्या नजरेसमोर, स्वतः मोजाव्यात. मागचे थोडे कुरकुरले तर कुरकुरू द्यावेत. "एक मिनिट हं, मोजून घेतो" म्हटलं की बहुतेक जण थांबतात, कारण पुढच्या पाच मिनिटांत तेही तेच करणार असतात.

बँकांच्या शाखांमध्ये आता टोकन मशिन आलं आहे. टोकन तसं नवीन नाही. पूर्वी चेक दिला की क्लार्क पितळेचा नंबर कोरलेला बिल्ला हातात द्यायचा आणि कॅशियर नंबर पुकारायचा. तो बिल्ला परत द्यावा लागायचा, म्हणून कॅशियरशी गाठ पडायचीच. आजच्या कागदी टोकनाने रांगच नाहीशी केली. माणसं खुर्चीवर बसतात, पडद्यावरच्या लाल आकड्याकडे बघतात, आणि कुणाच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्यांना पडदा वाचता येत नाही किंवा घोषणा ऐकू येत नाही, त्यांचा नंबर निघून जातो आणि शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो. रांगेत तसं होत नव्हतं, मागचा माणूस हलवून सांगायचा, "आजोबा, व्हा पुढे." यावर उपाय सोपा आहे. बसल्या बसल्या शेजारच्याला आपला नंबर सांगून ठेवायचा : "माझा बेचाळीस आहे, आला तर सांगा हं."

नोव्हेंबर महिन्यात हे सगळं एकदम बघायला मिळतं. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही डिजिटल सोय सुरू झाली. अंगठा मशिनवर उमटत नाही ही म्हाताऱ्यांची नेहमीची अडचण, म्हणून २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी किंवा प्राधान्य, आणि सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा देण्याबद्दल बँकांना सूचना केल्या आहेत. घरी येऊन दाखला घ्या, असं शाखेला कळवता येतं, हे कित्येक पेन्शनरांना रांगेत शेजारच्याकडूनच पहिल्यांदा कळतं.

तरीही पुष्कळ जण येतात, आणि येतील. त्या महिन्यात शाखेच्या दाराशी 'मी आपली मदत करू शकतो का?' अशी पाटी असलेलं टेबल असतं, आणि त्यामागची खुर्ची पुष्कळदा रिकामी असते, कारण तिच्यावरचा माणूस आतल्या कामाला लावलेला असतो. बँकांनी निदान दर महिन्याच्या एक ते दहा तारखेला आणि अख्खा नोव्हेंबर त्या खुर्चीवर माणूस बसवावा. दारातून येणाऱ्याला "या काका, काय काम आहे?" असं विचारून त्याची स्लिप तिथेच बघून दिली, तर अर्धवट भरलेल्या स्लिपा घेऊन खिडकीपर्यंत जाणारी आणि तिथून परत फिरणारी माणसं रांगेतून आधीच कमी होतील.